हॉटेलच्या नोंदीत तुम्ही ‘नो-शो’ आहात. पत्रानं आधी ती नोंद बदलायला हवी

प्रश्न: आम्ही अकोल्याचे. आईवडिलांना त्र्यंबकेश्वरला न्यायचं म्हणून नाशिकच्या एका हॉटेलात 20 ते 23 डिसेंबर 2025 अशा तीन रात्रींसाठी दोन खोल्या घेतल्या आणि 15,120 रुपये आधीच भरले. वडिलांना दवाखान्यात ठेवावं लागलं, म्हणून 15 तारखेला फोन करून बुकिंग रद्द केलं आणि नंतर व्हॉट्सॲपही केलं. बुकिंगच्या मेलमध्ये ‘72 तास आधी रद्द केल्यास दहा टक्के कापू’ असं आहे. आता हॉटेल म्हणतं, ‘तुम्ही आलाच नाहीत, पैसे मिळणार नाहीत. हवं तर सहा महिन्यांत येऊन राहा.’ मी फोनवर ‘बरं, बघतो’ म्हणालो. आता पत्र लिहायचंय. कसं लिहू?

उत्तर:

‘तुम्ही आलाच नाहीत’ हे त्यांचं वाक्य नीट ऐका. पैसे का अडकलेत ते त्यातच आहे. मी नाशिकच्या हॉटेलांत बावीस वर्षं काढली. पहिली काही वर्षं फ्रंट ऑफिसला होतो आणि नंतर अकाउंट्सला. त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूला काय झालं असणार, ते आधी सांगतो.

तुमचा फोन संध्याकाळच्या शिफ्टमधल्या कुणीतरी घेतला. ‘हो सर, करतो कॅन्सल’ म्हणाला. त्याच वेळी समोर चेक-इनची रांग असेल, किंवा त्यानं वहीत लिहिलं आणि कॉम्प्युटरमध्ये टाकायचं राहून गेलं. व्हॉट्सॲप रिसेप्शनच्या फोनवर आलं, कुणीतरी वाचलं आणि पुढच्या शिफ्टला सांगितलं नाही. 20 तारखेला तुमचं बुकिंग यादीत तसंच उभं होतं. हॉटेलात रोज रात्री ‘नाइट ऑडिट’ होतं, म्हणजे त्या दिवसाचा हिशेब बंद करून तारीख पुढे सरकवतात. त्या वेळी ज्यांचं बुकिंग आहे पण जे आलेले नाहीत, त्यांच्यापुढे ‘नो-शो’ लागतं. नो-शोला बहुतेक ठिकाणी सगळी आगाऊ रक्कम जप्त होते. आज तुमच्याशी फोनवर बोलणारा माणूस स्क्रीनवरचा तो एक शब्द बघून बोलतोय. तो खोटं बोलत असेलच असं नाही.

म्हणून तुमच्या पत्राचं पहिलं काम पैसे मागणं हे नाही. ‘नो-शो’च्या रकान्यातून तुमचं बुकिंग ‘रद्द’च्या रकान्यात आणणं हे आहे. ते झालं की त्यांच्याच अटीनुसार परतावा आपोआप देय होतो आणि भांडायला फारसं उरत नाही. नोंद तशीच राहिली, तर वडिलांच्या आजारपणावर तुम्ही दोन पानं लिहिलीत तरी अकाउंटंटचा हात चालणार नाही, कारण नो-शोचे पैसे परत करायला त्याच्याकडे आधारच नसतो.

रद्द केल्याचा पुरावा आजच गोळा करा. फोनची कॉल-यादी ठरावीक नोंदींनंतर पुसली जाते, म्हणून 15 डिसेंबरच्या कॉलचा स्क्रीनशॉट लगेच काढा. त्यात हॉटेलचा नंबर, वेळ आणि बोलणं किती मिनिटं चाललं, हे तिन्ही दिसू द्या. व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट काढताना वर हॉटेलचा नंबर आणि संदेशावर तारीख-वेळ हवी. निळ्या खुणा आल्या असतील तर उत्तम. संदेश दाबून धरला की ‘माहिती’मध्ये तो कधी पोचला आणि कधी वाचला तेही दिसतं, त्याचाही फोटो ठेवा. मूळ गप्पा पुसू नका. फोन बदलणार असाल तर आधी बॅकअप घ्या. तुमच्या प्रकरणात फोनपेक्षा व्हॉट्सॲपला वजन आहे. फोनवर काय बोलणं झालं हे कुणी सिद्ध करू शकत नाही, पण संदेशात ‘रद्द करा’ असं लिहिलेलं आहे.

आता आकडा. ‘माझे पैसे परत करा’ असं लिहू नका, किती ते लिहा. तुमच्या 15,120 मध्ये भाडं आणि जीएसटी दोन्ही आहेत. दोन खोल्या, तीन रात्री, 2,400 रुपयांनी 14,400 रुपये, आणि त्यावर पाच टक्के जीएसटी 720. (दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून पाच टक्के लागतो.) त्यांच्या अटीप्रमाणे दहा टक्के रद्द-आकार म्हणजे 1,440. रद्द-आकारावर मूळ सेवेच्याच दराने जीएसटी लागतो, म्हणून 72 रुपये. एकूण कपात 1,512. तुमचा परतावा 13,608 रुपये.

हे 1,512 रुपये स्वतःहून वजा करा, असं मी आवर्जून सांगतो. पूर्ण 15,120 मागितलेत तर अकाउंटंटला ‘पार्टीची मागणी चुकीची आहे’ असं वर कळवायला कारण मिळतं आणि फाइल मालकाच्या टेबलावर जाऊन बसते. हिशेब त्यांच्याच अटीवरून, जीएसटीसकट बरोबर आला, तर त्याला फक्त ताळा करायचा उरतो. उलट, ‘जीएसटी आम्ही सरकारला भरला, तो परत मिळत नाही’ असं कुणी म्हटलं तर ते मानू नका. आगाऊ रक्कम घेतली, सेवा दिली नाही आणि बिलही केलं नाही, तर हॉटेलनं ‘रिफंड व्हाउचर’ काढायचं असतं आणि भरलेला कर आपल्या विवरणपत्रात वळता करून घ्यायचा असतो. अकाउंटंटला हे ठाऊक असतं. पत्रात ‘रिफंड व्हाउचर’ हा शब्द आला की हा माणूस कुणाला तरी विचारून लिहितोय हे त्याला कळतं.

मी अकाउंट्सला असताना द्वारका परिसरातल्या एका हॉटेलात परभणीच्या एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. सुंदर अक्षरात तीन पानं. त्यात नाशिकला येणं कसं हुकलं, आईला किती वाईट वाटलं, आमच्या रिसेप्शननं कसं तोडून उत्तर दिलं, सगळं होतं. बुकिंग क्रमांक नव्हता, पैसे कोणत्या तारखेला कोणत्या खात्यातून आले ते नव्हतं आणि परत कुठे पाठवायचे तेही नव्हतं. बुकिंग त्यांच्या जावयाच्या नावावर होतं आणि पत्राखाली सासऱ्यांची सही. ते पत्र चाळीस दिवस माझ्या ट्रेमध्ये पडून राहिलं. द्यायचे नव्हते म्हणून नव्हे, आम्हाला ते बुकिंग सापडतच नव्हतं. ते पत्र मला अजून आठवतं, म्हणून तुम्हाला एवढं बजावून सांगतोय: बुकिंग ज्याच्या नावावर आहे त्यानंच पत्र लिहावं आणि प्रत्येक आकडा त्यात असावा.

‘बरं, बघतो’ हे तुमचं फोनवरचं उत्तर मला जरा खटकलं. आपण नाही म्हणायला संकोचतो तेव्हा असंच म्हणतो. पण हॉटेलात त्याची नोंद ‘गेस्ट क्रेडिटला तयार’, म्हणजे पैशांऐवजी नंतर येऊन राहायला तयार, अशी होऊ शकते. म्हणून क्रेडिट स्वीकारलेलं नाही हे एका वाक्यात, रागावल्याशिवाय, पत्रात यायलाच हवं. त्यांच्या मेलमध्ये पैसे कापून परत देण्याची अट आहे, सहा महिन्यांत येऊन राहण्याची नाही. नंतर काढलेली अट तुम्हाला लागू होत नाही.

तुमच्या मजकुरावरून पत्राचा मसुदा खाली देतो. ज्या वेळा आणि तारखा तुम्ही सांगितल्या नाहीत त्या मी नमुन्यादाखल धरल्यात. पाठवण्याआधी आपल्या स्क्रीनशॉटशी एकेक ताडून पाहा.

> प्रति,
> मा. व्यवस्थापक,
> (हॉटेलचे नाव व पत्ता), नाशिक
> प्रत: लेखा विभाग
>
> दिनांक: 5 जानेवारी 2026
>
> विषय: बुकिंग क्र. ______ मुदतीत रद्द केल्याने 13,608 रुपयांचा परतावा मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> 28 नोव्हेंबर 2025 रोजी मी आपल्या हॉटेलात 20 ते 23 डिसेंबर 2025 या तीन रात्रींसाठी दोन खोल्या माझ्या नावाने आरक्षित केल्या. भाडे 14,400 रुपये व जीएसटी 720 रुपये, असे एकूण 15,120 रुपये त्याच दिवशी यूपीआयने भरले (यूटीआर क्र. ____________).
>
> वडिलांना रुग्णालयात दाखल करावे लागल्यामुळे 15 डिसेंबर 2025 रोजी सायंकाळी 7.40 वाजता आपल्या ______ या क्रमांकावर फोन करून मी आरक्षण रद्द करत असल्याचे सांगितले. त्याच दिवशी रात्री 8.05 वाजता आपल्या ______ या व्हॉट्सॲप क्रमांकावर तेच लेखी कळवले. तो संदेश वाचला गेल्याची खूण माझ्याकडे आहे.
>
> आपल्या 28 नोव्हेंबरच्या मेलमधील अट अशी आहे: “(मेलमधील वाक्य जसेच्या तसे)”. आगमनाची वेळ 20 डिसेंबर दुपारी 12 ही होती. त्यानुसार 72 तासांची मुदत 17 डिसेंबर दुपारी 12 वाजता संपत होती. माझा लेखी संदेश त्याच्या जवळपास 40 तास आधी आपल्याला मिळाला आहे.
>
> 2 जानेवारी 2026 रोजी फोनवर मला सांगण्यात आले की, मी न आल्यामुळे परतावा मिळणार नाही, त्याऐवजी सहा महिन्यांत राहता येईल. माझे आरक्षण चुकून ‘नो-शो’ म्हणून नोंदले गेले असावे असे मला वाटते. सहा महिन्यांत राहण्याचा पर्याय मी स्वीकारलेला नाही. अटीप्रमाणे रक्कम परत मिळावी, एवढीच माझी मागणी आहे.
>
> हिशेब: भरलेली रक्कम 15,120 रुपये. वजा रद्द-आकार दहा टक्के 1,440 रुपये व त्यावरील जीएसटी 72 रुपये. परतावा 13,608 रुपये.
>
> तरी आरक्षणाची नोंद ‘15 डिसेंबर 2025 रोजी रद्द’ अशी दुरुस्त करावी, 13,608 रुपये 20 जानेवारी 2026 पर्यंत माझ्या खाली दिलेल्या बँक खात्यात जमा करावेत आणि रिफंड व्हाउचरची प्रत मेलने पाठवावी, ही विनंती. काही कारणाने रक्कम कमी देय ठरत असेल, तर कोणत्या अटीनुसार, ते लेखी कळवावे.
>
> खातेदाराचे नाव, बँक व शाखा, खाते क्रमांक, आयएफएससी: ______
>
> आपला/आपली,
> (नाव, अकोल्याचा पत्ता, मोबाइल क्रमांक)
>
> सोबत: 1. बुकिंगचा मेल 2. रक्कम भरल्याचा पुरावा 3. कॉल-नोंदीचा स्क्रीनशॉट 4. व्हॉट्सॲप संदेशाचा स्क्रीनशॉट

यातल्या दोन गोष्टी मी मुद्दाम केल्या आहेत. ‘चुकून नोंदले गेले असावे’ या वाक्यामुळे हॉटेलला आपला शब्द फिरवायला जागा मिळते. मॅनेजरला आपल्या माणसाची चूक मान्य करणं जड जातं, पण ‘नोंदीतली चूक’ दुरुस्त करणं सोपं असतं. दुसरं म्हणजे शेवटचं ‘कोणत्या अटीनुसार, ते लेखी कळवावे’. नकार द्यायचा असेल तर आता त्यांना कारण कागदावर आणावं लागेल, आणि बहुतेक वेळा कारण लिहायला बसलं की ते उभं राहत नाही हे त्यांच्याच लक्षात येतं.

वडिलांच्या आजारपणाला एकच ओळ दिली आहे, कारण तुमचा हक्क आजारपणावर टिकलेला नाही. तुम्ही मुदतीत रद्द केलंत, कारण कोणतंही असलं तरी दहा टक्केच कापले जाणार. दवाखान्याचे कागद जोडू नका. ते जोडले की विषय दयेचा होतो आणि मग ‘सहानुभूती म्हणून अर्धे देतो’ असं उत्तर येतं. ‘वाईट रिव्ह्यू टाकेन’ असंही लिहू नका. तशी धमकी देऊन पैसे मागितलेलं पत्र पुढे ग्राहक आयोगासमोर तुमच्याच विरुद्ध वाचलं जातं. पहिल्या पत्रात कायद्याची कलमंही नकोत. तुमच्या बाजूनं त्यांची स्वतःची अट आहे, तिच्यासारखा दुसरा आधार नाही.

पत्र ज्या पत्त्यावरून बुकिंगचा मेल आला, त्याच मेलला उत्तर म्हणून पाठवा, म्हणजे जुना मेल खाली जोडलेला राहतो. नाशिकला कुणी नातेवाईक असतील तर छापील प्रत त्यांच्या हातून काउंटरवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. कुणी नसेल तर स्पीड पोस्टनं पाठवा आणि पोच मागा. पूर्वीचं रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात मिळवलं आहे, त्यामुळे टपाल कार्यालयात तसं सांगून नोंदणीची सोय घ्या. फोन करायचा झाला तर सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान करा आणि अकाउंट्स मागा. रात्रीच्या रिसेप्शनला परताव्याचं काही ठरवता येत नाही.

एक सावधगिरी. हॉटेलचा नंबर बुकिंगच्या मेलवरूनच घ्या. नेटवर शोधून सापडलेल्या नंबरवर परताव्याचं बोलू नका, तिथे भामटे बसलेले असतात. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी ‘रिफंडसाठी ही विनंती स्वीकारा, पिन टाका’ म्हणालं, तर फोन ठेवा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा ‘मालकांशी बोलून सांगतो’ एवढंच आलं, तर दुसरं पत्र तीन ओळींचं पाठवा: 5 जानेवारीचं पत्र आपल्याला मिळालं, मुदत संपली, आता राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवत आहे. आणि खरंच नोंदवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रार हॉटेलपर्यंत पोचवते आणि त्यांना उत्तर द्यायला सांगते. एवढ्या रकमेसाठी पुष्कळदा तिथेच मिटतं. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे त्यासाठी नाशिकला खेटे घालायची गरज नाही, अकोल्यात करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, ई-जागृती पोर्टलवरून ती ऑनलाइन दाखल होते आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तिथे हेच पत्र, हेच चार पुरावे लागतात.

मधल्या वाटेवर एक गोष्ट हमखास घडते. हॉटेल सात-आठ हजार देऊ करतं आणि ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर किंवा मेलवर होकार मागतं. 13,608 पेक्षा कमी रक्कम तुम्हाला मान्य नसेल, तर त्यावर सही करू नका. पैसे आले तर ‘7,500 रुपये अंशतः मिळाले, बाकी 6,108 रुपये देय’ असं लगेच मेलवर कळवा.

तुमचा संदेश 17 तारखेच्या दुपारनंतर गेला असता, तर वेगळं पत्र लागलं असतं. तेव्हा अटीत काय आहे ते पाहायचं. ‘एका रात्रीचं भाडं’ असेल तर दोन खोल्यांचे 4,800 आणि जीएसटी 240 वजा होऊन 10,080 परत यायला हवेत. सगळीच रक्कम जप्त असं असेल, तर मग विचारायचं की त्या खोल्या रिकाम्या राहिल्या का. डिसेंबरच्या शनिवारी नाशिकला चांगल्या हॉटेलातली सुटलेली खोली सहसा त्याच दिवशी जाते. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 असं सांगतं की करारात दंड कितीही लिहिला तरी त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई घेता येते. खोली पुन्हा विकली गेली असेल तर नुकसान कुठलं, हा प्रश्न मग रास्त ठरतो. पण स्वस्तातलं ‘परतावा नाही’ असं स्पष्ट सांगून दिलेलं बुकिंग असेल, तर बाजू खरोखर कमकुवत असते. तिथे तारीख बदलून मागणं जास्त फळतं. आणि बुकिंग एखाद्या वेबसाइटवरून केलेलं असेल, तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पैसे कुणाच्या नावे गेले ते पाहा. पैसे वेबसाइटनं घेतले असतील तर पत्र तिला लिहा आणि हॉटेलला प्रत द्या.

पैसे जमा झाले की रिफंड व्हाउचरवरचा बुकिंग क्रमांक तुमचाच आहे ना ते पाहा आणि हॉटेलला एका ओळीत पोच द्या. अकाउंटंटला फाइल बंद करायला ती लागते. पुढच्या वेळी कुठेही बुकिंग रद्द करताना समोरच्याकडून ‘कॅन्सलेशन नंबर’ मागून घ्या. कॉम्प्युटरमध्ये रद्द केल्याशिवाय तो नंबर तयारच होत नाही, त्यामुळे तो हातात आला की त्या रात्रीच्या ऑडिटला तुमचं नाव नो-शोच्या यादीत येत नाही.